भेटीचं नकली प्रवासपत्रक: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दूर राहणाऱ्या माझ्या जोडीदाराची इकडे यायची रजा मंजूर झाली आणि तिकीटही निघालं. एजंटाने पाठवलेल्या प्रतीत त्याच्या विमानाच्या ओळीपुढे `HK` आहे, म्हणजे जागा पक्की. तिथे `HL`, म्हणजे प्रतीक्षायादी, असती तर मी आज कागद हातात घेतलाच नसता. भेटीचं गमतीचं पत्र जागा पक्की झाल्यावरच लिहायचं, हे मी फार आधी ठरवलं होतं. दूर राहणाऱ्या माणसाला दिवसवार कार्यक्रम लिहून पाठवला की तो ते दिवस मनात जगायला लागतो. मग भेट रद्द झाली तर एक तारीख हुकत नाही, एकेक दिवस वेगळा हुकतो.

पत्राचं रूप ठरलं आहे: सहलीच्या कंपन्या देतात तसं प्रवासपत्रक. वर प्रवाशाचा तपशील, मग विमान, सामान, दिवसवार कार्यक्रम, खर्चात काय धरलंय आणि काय नाही, आणि तळाला बारीक अक्षरांतल्या अटी. वाचणारा एकच, सहल एकाच घराची, आणि सहल व्यवस्थापक मी.

त्याची तारीख: १८ डिसेंबर, गुरुवार, रात्री ८:४० ला निघणार, साडेसात तासांचं उड्डाण. आमच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे, मी पुढे आणि तो मागे. म्हणजे तो इथे उतरणार शुक्रवारी १९ तारखेला सकाळी ९:१० ला. परतीचं विमान रविवारी २८ ला.

५ नोव्हेंबर

भाषेवर काम. दोन परिच्छेद प्रेमपत्राच्या सुरात लिहून पाहिले आणि बाजूला ठेवले. पत्रकाच्या रूपाला मऊ शब्द चालत नाहीत. ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य ‘सामानविषयक सूचना’ या मथळ्याखाली आलं की दोन्ही पडतात. उलट सूचनेच्या कोरड्या भाषेत आमच्या दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट ठेवली की ती आपोआप उजळते. तेव्हा नियम असा केला: गंमत सगळी सरकारी मराठीत, आणि मजकूर सगळा खरा. आजची सुरुवात:

> सहलीत सहभागी होणाऱ्या एकमेव पर्यटकाने नोंद घ्यावी की सहल व्यवस्थापक आगमनकक्षाच्या कठड्याशी निर्धारित वेळेपूर्वी हजर राहतील. व्यवस्थापकांच्या हातात नावाची पाटी नसेल. पर्यटकाने त्यांना चेहऱ्यावरून ओळखावे. ओळख पटवण्यासाठी राखाडी स्वेटर परिधान केलेला असेल, जो मूळचा पर्यटकाचाच आहे व परत मिळणार नाही.

स्वेटरचं खरंच तसं आहे. मागच्या भेटीत तो विसरून गेला आणि डाव्या बाहीचा धागा तेव्हापासून सुटलेलाच आहे. मी तो शिवलेला नाही. असे तपशील पत्राला लागतात. ‘सुंदर संध्याकाळ’, ‘अविस्मरणीय क्षण’ असले शब्द कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही सहलीला चालतात, म्हणून ते या पत्रकात एकदाही येणार नाहीत.

९ नोव्हेंबर

वरचा रकाना. खऱ्या पत्रकावर पीएनआर असतो, सहा अक्षरांचा. तो पत्रात लिहायचा नाही, कारण खरा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर कोणालाही बुकिंग उघडता येतं. पत्र त्याच्या टेबलावर पडून राहणार, तो कौतुकाने कोणाला तरी फोटो पाठवणार. बोर्डिंग पासवरच्या बारकोडचंही तेच, त्यात हीच माहिती भरलेली असते. म्हणून तोही सजावटीला घ्यायचा नाही.

मग सहा अक्षरं आपलीच बसवली: ल-व-क-र-ये-ना. पत्रकावर छापलं जाईल ‘पीएनआर: लवकरयेना’. देवनागरीत असल्यामुळे खऱ्या बुकिंगशी गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही. शिवाय तो हे मोठ्याने वाचेल तेव्हा त्याला कळेल की हे माझंच वाक्य आहे, जे मी फोन ठेवताना म्हणते.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ ठळक टाकली: ‘हे प्रवासाचे कागदपत्र नाही.’ सीमेवरच्या तपासणीत कोणी परतीचं तिकीट मागितलं आणि घाईत त्याच्या हाताला हा कागद लागला, तर अधिकाऱ्याला हसू येईलच असं नाही.

१३ नोव्हेंबर

सामान. हा भाग सगळ्यात पटकन झाला.

> चेक-इन सामान: २३ किलो. त्यातील दोन किलो जागा परतीसाठी रिकामी ठेवावी, कारण पर्यटकाचे येथे राहिलेले मोजे, पुस्तके व एक छत्री व्यवस्थापकांना सांभाळून कंटाळा आला आहे. अर्धवट राहिलेले भांडण चेक-इन करू नये. ते हातातल्या बॅगेत आणावे, म्हणजे वाटेत गहाळ होणार नाही.

शेवटच्या दोन वाक्यांवर बराच वेळ बसले. हे भांडण खरं आहे: पुढच्या वर्षी कोणी कोणाच्या शहरात जायचं. फोनवर ते तीनदा-चारदा निघालं आणि दर वेळी कोणाची तरी झोपायची वेळ झाली म्हणून तसंच राहिलं. मला ते भेटीत बोलायचं आहे, आणि भेट त्यातच बुडू द्यायची नाही. सरळ लिहिलं असतं, ‘आल्यावर आपल्याला बोलायचं आहे’, तर तो येईपर्यंत त्या एका वाक्यावर झुरला असता. सामानाच्या सूचनेत तेच हसून घेता येतं, आणि विषय टेबलावर आहे हेही दोघांना ठाऊक राहतं. आता त्याला कार्यक्रमात जागा शोधायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस दिवसवार कार्यक्रमावर. शब्दांना हात लावण्याआधी मी दोन रकाने आखले: एकात माझं घड्याळ, दुसऱ्यात त्याच्या शरीराचं. पत्रकावरच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, पण शरीर काही तिकीट वाचत नाही.

तो सव्वादहाला बाहेर येईल तेव्हा त्याच्या शरीराला पहाटेचे सव्वापाच वाजलेले असतील, आणि तेही विमानातल्या तुटक झोपेनंतर. पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो, कारण शरीराचं घड्याळ पुढे ओढावं लागतं. साधारण अंदाज असा की तासाच्या फरकाला एक दिवस. पाच तासांना पाचेक दिवस. माझे सुरुवातीचे दिवस स्थळदर्शनाने भरले तर मी माझ्याबरोबर एक झोपाळलेला माणूस फिरवत असेन आणि त्याचा थकवा मला उदासीनता वाटेल. हे फार जोडप्यांचं होतं: पहिल्या दिवशी एक जण उत्साहात, दुसरा गप्प, आणि रात्री दोघंही मनातल्या मनात ‘काहीतरी बदललंय’ म्हणून घाबरलेले. बदललेलं असतं ते फक्त घड्याळ.

म्हणून पहिला दिवस असा:

> पहिला दिवस. आगमन व मुक्काम. आज कोणतेही स्थळदर्शन नाही. दुपारी अर्ध्या तासाची डुलकी देण्यात येईल. त्यानंतर पर्यटकास हलवून उठवण्याचा अधिकार व्यवस्थापकांनी राखून ठेवला आहे. रात्री २ वाजता पर्यटक टक्क जागा होईल. घाबरू नये, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्या वेळी मोबाइल पाहण्यास मनाई असून स्वयंपाकघराच्या अंधारात कुजबुजणे ऐच्छिक आहे.

रात्री दोनचं गणित खरं आहे. थकून तो दहाला झोपेल आणि मग जाग येईल, कारण त्याच्या शरीराला तेव्हा रात्रीचे नऊच वाजलेले असतील. हे आधीच छापलेलं असलं की तो जागेपणी अपराधी चेहऱ्याने छताकडे बघत पडणार नाही, मला उठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत काहीच ठेवलं नाही, आणि त्यालाही कारण आहे. घड्याळ पुढे सरकायला उजेड लागतो, पण तो शरीराच्या पहाटेनंतर पडावा लागतो. त्याच्या शरीराची पहाट पाच म्हणजे इथले दहा. सकाळी सातला त्याला गच्चीवर उन्हात नेलं तर शरीराला ती अजून रात्रच असते, आणि घड्याळ उलट मागे जाऊ शकतं. तेव्हा अकरा वाजता लांब चालणं. पत्रकात याचं शास्त्र लिहिलं नाही, फक्त ‘सकाळी ११ पूर्वी सूर्यदर्शन सक्त मना’ असं लिहिलं. तो विचारेल, मग सांगेन.

१८ नोव्हेंबर

पहिल्या दिवसात एक ओळ राहिली होती. फोनवर बोलताना आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, म्हणून आम्ही दोघंही वाक्य संपल्यावर थांबायला शिकलो आहोत. समोरासमोर आल्यावरही पहिला तासभर आम्ही तसेच थांबतो. तो बोलतो, मी एक क्षण वाट बघते, तोही बघतो, आणि मध्ये विचित्र शांतता पडते. मागच्या भेटीत गाडीत बसल्यावर हे मला प्रथम लक्षात आलं आणि त्याला सांगितल्यावर तो इतका मोकळा झाला की उरलेली वाट आम्ही एकमेकांची वाक्यं मुद्दाम तोडत आलो.

> आगमनानंतर पहिला एक तास दोन्ही पक्षांना संकोच वाटेल. ही सेवा समाविष्ट असून तिचे वेगळे शुल्क नाही. वाक्य मध्येच तोडल्यास दंड होणार नाही.

२२ नोव्हेंबर

मधले दिवस. सोमवार-मंगळवार, २२ आणि २३ डिसेंबर, मला कामावर जावं लागणार. रजा बुधवारपासून आहे. पत्रकात हे लपवायचं नाही. गमतीच्या पत्रात फक्त सुटीचेच दिवस दाखवायचा मोह होतो, आणि मग सोमवारी सकाळी मी बॅग उचलली की त्याला फसवल्यासारखं वाटेल. चौथ्या आणि पाचव्या दिवशी लिहिलं: ‘व्यवस्थापक कार्यालयीन कामात व्यग्र. पर्यटकाने घराची किल्ली, गादी व बाल्कनी यांचा मुक्त उपयोग करावा. सायंकाळी साडेसहाला जिन्यात पावले ऐकू आल्यास दार उघडावे, बेलची वाट पाहू नये.’

भांडणाची जागाही इथेच सापडली. सहावा दिवस, बुधवार २४. तोपर्यंत त्याचं शरीर इथल्या वेळेवर आलेलं असेल, माझं काम संपलेलं असेल, आणि पुढे चार दिवस हातात असतील. शेवटच्या रात्री हा विषय काढला तर बोलणं कुठेही थांबलं तरी पुढे विमानतळच येतो; न सुटलेली गोष्ट घेऊन माणूस सीटवर बसतो. पहिल्या दोन दिवसांत काढला तर तो अर्धा झोपेत असतो.

> सहावा दिवस. सकाळी ११ ते १: हातातल्या बॅगेतील वस्तू उघडणे. ठिकाण: नदीकाठचा सपाट रस्ता, चालत. घरात बसून हा कार्यक्रम होणार नाही. १ वाजता निष्कर्ष निघो वा न निघो, थांबण्यात येईल व जेवण होईल. उर्वरित भाग आठव्या दिवशी.

चालत, कारण चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि गप्प राहिलो तरी पाय चालू असतात. दोन तासांची सीमा मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याशिवाय हा विषय दिवस खाऊन टाकेल.

सातवा आणि नववा दिवस पूर्ण कोरा ठेवला. पत्रकाच्या भाषेत ‘मुक्त वेळ’.

२५ नोव्हेंबर

विमान कंपनीचं पत्र आलं: वेळ बदलली. जुनं विमान काढलं, नवीन १९ डिसेंबरला पहाटे १:३० ला. उड्डाण तेवढंच, म्हणजे तो इथे दुपारी २ वाजता उतरणार. आमचे जवळजवळ पाच तास गेले. संध्याकाळी फोनवर तो गप्प होता, मीही.

मात्र दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. पहाटे दीडचं विमान माणसं चुकवतात ती तारखेमुळे. तिकिटावर १९ असते, शुक्रवार असतो, आणि डोक्यात ‘शुक्रवारी रात्री’ असं बसतं. प्रत्यक्षात घरातून निघायचं असतं गुरुवारी १८ च्या रात्री. पूर्वीच्या तिकिटावर उतरायच्या वेळेपुढे `+1` होतं, आता नाही, कारण निघणं आणि पोचणं एकाच तारखेला आलं. त्यामुळे कागद बघून सगळं साधंच वाटतं.

म्हणून पत्रकात एकच सूचना विनोदाशिवाय टाकली, चौकटीत: ‘गुरुवार १८ च्या रात्री साडेनऊला घरातून निघ. शुक्रवारी नाही.’ ‘निघावे’ नाही, ‘निघ’. एका ठिकाणी सूर बदलला की नजर तिथे थांबते.

बाकी पत्रकातल्या पहिल्या दिवसाच्या घड्याळी वेळा काढून टाकल्या. आता ‘भेटीनंतर’, ‘अंधार पडल्यावर’ असं लिहिलं आहे. विमान पुन्हा हललं तरी पत्र खोटं पडणार नाही. दुपारची डुलकीही गेली. दोनला उतरून घरी येईपर्यंत संध्याकाळ होईल, आणि त्या वेळी झोपला तर रात्रीची वाट लागेल. रात्री दोनची जाग तशीच ठेवली, ती होणारच आहे.

३० नोव्हेंबर

आज शेवटचा दिवस लिहिला. तो टाळावा का, असा विचार बरेच दिवस चालला होता. भेटीच्या पत्रात निरोप कशाला? पण पत्रकात नऊच दिवस दिसले तर तो दहावा मनात मोजेलच, आणि मी तो वगळला हेही त्याला दिसेल. तेव्हा लिहायचा, आणि लहान.

> दहावा दिवस. प्रयाण. विमानतळावर दोघांनी एकत्र जाणे. तपासणीच्या रांगेपाशी थांबण्याची कमाल मर्यादा नाही.

आणि त्याच्या खाली एक गोष्ट जोडली जी मला आरक्षणाच्या कागदांतूनच मिळाली. प्रवासी एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून पुढचं विमान घेणार असेल, मधला पल्ला गाडीने किंवा कसाही करणार असेल, तर बुकिंगमध्ये त्या दोन विमानांच्या मध्ये `ARNK` अशी एक ओळ घालतात. त्या ओळीत ना वेळ, ना गाडीचा क्रमांक. तिचं काम इतकंच की ही फट राहून गेलेली नाही, प्रवासी तिथूनही प्रवासातच आहे, हे यंत्रणेला कळावं आणि साखळी तुटली असं तिने समजू नये.

माझ्या पत्रकाच्या शेवटच्या तीन ओळी अशा झाल्या:

```
28DEC  माझं दार – तुझं दार       HK
       ARNK
OPEN   एकाचं दार – दुसऱ्याचं दार
```

`OPEN` म्हणजे तारीख न टाकलेलं तिकीट. कोणाचं दार कुठलं, हे मुद्दाम उघडं ठेवलं. ते सहाव्या दिवशी ठरेल, निदान सुरू तरी होईल.

४ डिसेंबर

अटींचा भाग उरकला. चारच ठेवल्या. जास्त अटी मजेदार वाटत होत्या, पण पत्रक लांबलं की वाचणारा दिवसांकडून अटींकडे वळतो आणि मधलं विसरतो. ठेवलेल्यांतली मला आवडलेली ही: ‘कार्यक्रमातील कोणताही भाग पर्यटक कारण न देता रद्द करू शकतो, मात्र स्वेटर परत मागू शकत नाही.’ पहिला अर्धा भाग मनापासून आहे. दहा दिवसांचा असा आराखडा हातात आला की पाहुण्याला तो पाळायची सक्ती वाटू शकते, आणि तो माझं मन राखायला थकलेला असतानाही चालत राहील. त्याला नाही म्हणायची जागा कागदावरच हवी.

दोन पानी पीडीएफ केली, साध्या टाइपात, कडेला रेषा. आज रात्री पाठवते. निघायच्या दोन आठवडे आधी पोचावं असं ठरवलं होतं, कारण त्यानंतर तो सामान भरायला घेतो आणि सामानाची सूचना उपयोगी पडते.

७ डिसेंबर

त्याचं उत्तर आलं. पत्रकाचीच प्रत, लाल पेनाने दुरुस्त करून, फोटो काढून. सातव्या दिवशीच्या ‘मुक्त वेळ’पुढे लिहिलं आहे, ‘पर्यटकाची विनंती: या दिवशी व्यवस्थापकांनी फोन बंद ठेवावा.’ राखाडी स्वेटरखाली, ‘हरकत नोंदवली. बाही शिवायला सुई-दोरा आणत आहे.’ सहाव्या दिवशी वेळ खोडलेली नाही, फक्त ‘११ ते १’ ला गोल केला आहे आणि बाजूला ‘मान्य. मीही बॅगेत एक वस्तू आणतोय’ असं आहे. ती कुठली, हे मी विचारलं नाही.

आठवा दिवस मात्र त्याने बदलला. मी तिथे उरलेलं बोलणं ठेवलं होतं, त्याने ते नवव्याच्या सकाळी सरकवलं आहे आणि कारण लिहिलं आहे: सहाव्यानंतर एका दिवसात मला उत्तर सापडणार नाही, दोन लागतील. त्याचं बरोबर आहे, तो गोष्टी मनात मुरवून मग बोलतो. नववा दिवस संपूर्ण मोकळा हवा होता, तरी दुपारनंतरचा राहतो आहे. बदल घेतला, दुसरी आवृत्ती छापली, चौकटीतली गुरुवारची ओळ तशीच ठेवली. एक प्रत त्याला पाठवली, एक माझ्या फ्रिजवर लावली. वेळापत्रकात आता तो उतरेपर्यंत काही हलवायचं नाही, असं दोघांनी फोनवर ठरवलं.